अर्धा तास पुढं

शुक्रवार पेठेतल्या लालासाब मुल्लाणींच्या घरात कुणी किती वाजले म्हणून विचारलं, की घरचं माणूस आधी भिंतीवर बघतं, मनातल्या मनात अर्धा तास वजा करतं आणि मग उत्तर देतं. पाहुण्याला वाटावं, यांना घड्याळ वाचता येत नाही की काय! पण तसं नाही. या घरातलं झाडून सगळं अर्धा तास पुढं चालतं. भिंतीवरचं घड्याळ, लालासाबांच्या मनगटावरचं, खाली स्टुडिओतलं, सगळं.

त्याला कारण आहे. लालासाब फोटोग्राफर. ऐन उमेदीत पन्हाळ्याच्या एका लग्नाला पोचले, तर अक्षता पडून वऱ्हाड पत्रावळीवर बसलेलं. नवरदेवाच्या चुलत्यानं भर मांडवात त्यांची अशी काही बिनपाण्यानं केली, की दुसऱ्या दिवशी या गड्यानं घरातली घड्याळं अर्धा तास पुढं ढकलली. तेव्हापासून आजतागायत एकही मुहूर्त चुकलेला नाही. मराठ्याचं लग्न असो नाहीतर मोहल्ल्यातला निकाह, मांडवात मंडपवाल्याच्या आधी लालासाब हजर. बायको मदिना मात्र वैतागते. रमजानात ती घड्याळाकडं बघतच नाही, मशिदीतली बांग ऐकूनच खजूर उचलते. “ह्यांच्या घड्याळावर राहिले तर रोजा अर्धा तास आधीच सुटायचा,” असं ती येईल त्याला सांगते आणि लालासाब मिशीत हसतात.

फोटो काढायचं काम बापाचं आणि अल्बम सजवायचं काम लेकीचं. सबिना स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर अल्बमची पानं करते आणि एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकते. फोल्डरमध्ये टाकलेली फाईल आपोआप नेटवर चढते आणि तिकडं सांगलीच्या लॅबमध्ये यशराजच्या फोल्डरात उतरते. तो छापतो, बांधतो, पार्सल धाडतो. इतकं सुरळीत, की सबिनाला त्याचा विचारही करावा लागत नसे.

त्या सकाळी बावड्याच्या झुंबरबाईंच्या लेकीचा, मोनाचा, अल्बम जायचा होता. मोना परवा पहाटे नवऱ्याबरोबर मस्कतला निघणार. बाराच्या आत पानं मिळाली तर उद्या संध्याकाळच्या पार्सलात अल्बम, नाहीतर अल्बम इथं आणि पोरगी तिथं, असं यशराजनं स्पष्ट सांगितलेलं. आणि झुंबरबाईंनी लेकीचं लग्न बघितलंच नव्हतं! त्यांच्याकडं रीतच तशी. अक्षता पडताना नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही, परसदारी तुळशीला पाणी घालत बसायचं. बिचारीनं नुसती बँडची ढणढण ऐकली. मोबाईलवरचे फोटो तिला कुणीकुणी दाखवले, पण “त्या एवढ्याशा काचंत मला पोरगी का कोण तेच कळंना. अल्बम येऊ दे, लेकीला शेजारी बसवून बघतो,” असं ती लालासाबांना दोनदा येऊन सांगून गेली होती.

सबिनानं शेवटचं पान फोल्डरमध्ये टाकलं आणि चहा घ्यायला वर गेली. परत येऊन बघते तर प्रत्येक फाईलीपुढं एकच शब्द. पेंडिंग.

“चढंल की,” लालासाब म्हणाले.

कसलं चढतंय! नेट बघावं तर झकास. गाणं लावलं, गाणं वाजलं. व्हॉट्सॲप चालू. नुसतं हे एक ॲप तोंड फुगवून बसलेलं. सबिनानं नेटचा डबा बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेंडिंग ते पेंडिंगच. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं, पावणेबारा. भिंतीवरचं घड्याळ खोटं, पण कॉम्प्युटरचं खरं, ही तिची लहानपणापासूनची खात्री.

“अब्बा, न्हाय जात. एवढ्या वेळात पेनड्राईव्ह घेऊन सांगलीला पोचणंबी हुईत न्हाई.”

लालासाबांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उशीर, आणि तोही या माउलीच्या बाबतीत. “मी बावड्याला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगतो,” म्हणत ते चप्पल घालायला लागले.

सबिनानं शेवटचा उपाय म्हणून अख्ख्या पडद्याचा फोटो यशराजला पाठवला. लगेच त्याचा फोन.

“सबिनाताई, तुमच्या कॉम्प्युटरात किती वाजल्यात?”

“पावणेबारा. म्हाईत हाय मला, टोचू नका!”

“अवो, कुठलं पावणेबारा? सव्वाअकरा झाल्यात. तुमच्या फोटोत कोपऱ्यात बघितलं म्हणून इचारलं. फाईल चढवताना ॲप तुमच्या घड्याळाची वेळ संगट पाठवतंय. सर्व्हर म्हणतोय ही वेळ अजून यायचीच हाय, मी न्हाई घेत. ॲप परत परत ढकलतंय, तो परत परत नाकारतोय. थोडं मागंपुढं असलं तर चालवून घेतोय, अर्धा तास म्हणजे लई झालं. वेळ सुधारा की!”

सबिनानं फोन ठेवला आणि बापाकडं बघितलं. एक चप्पल पायात, एक हातात, असे लालासाब दारात थिजलेले.

“अब्बा?”

“आता तू माझ्यासंगट शूटला येताना सारखी त्या कोपऱ्यात बघून निघतीस,” ते पुटपुटले. “उशीर हुतोय म्हणून काल जरा पुढं केलं. आधी माझं ऐकंचना, पुढं केलं की परत मागं यायचं. मग ते आपोआप वेळ लावायचं बटण हाय बघ, ते बंदच करून टाकलं.”

“आणि मला सांगितलं न्हाईसा!”

“सांगितलं असतं तर तू वजा केलं असतंस की!”

सबिनाला रागही आला आणि हसूही फुटलं. तिनं ते बटण पुन्हा चालू केलं. घड्याळ झटक्यात मागं आलं. फाईली तरी हलेनात. ॲपनं पुढच्या खेपेची वेळ जुन्या घड्याळानं धरून ठेवलेली, ती यायची वाट बघत ते बसलेलं. तिनं ॲप पुरतं बंद केलं, पुन्हा उघडलं. पेंडिंग गेलं. पहिल्या पानापुढं हिरवी खूण आली, मग दुसऱ्या. लालासाब खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि एकेक खूण येईल तसं “हां… हां…” करत राहिले. बाराला थोडा अवकाश असताना यशराजचा निरोप आला, सगळी पानं मिळाली. “आयला, अर्धा तास फुकटचा मिळाला की गं!” लालासाब ओरडले. “तुमीच खाल्लेला तो,” मदिना जिन्यावरनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्सल फोडून लालासाब स्वतः अल्बम घेऊन बावड्याला गेले. झुंबरबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, मोनाला शेजारी ओढलं आणि पानं उलटायला लागल्या. हळद झाली, मेंदी झाली. अक्षतांचं पान आलं तसं त्यांचं बोट थांबलं. तांदूळ हवेत, नवरा समोर हसतोय आणि मोनाची मान मात्र भलतीकडंच वळलेली.

“अगं भवाने, नवरा सोडून कुठं बघालीस?” झुंबरबाईंनी विचारलं.

“परसदाराकडं,” मोना म्हणाली. “तू दिसतीस का बघायलते.”

झुंबरबाईंनी लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि ते पान तसंच उघडं ठेवलं. लालासाबांना फार बरं वाटलं. चहाला थांबा म्हणाल्यावर ते घड्याळात न बघता खाली बसले.