नोंद नसेल तर ठीक समजावे

१ जानेवारी १९७०. युनिक्स घराण्यातील संगणक वेळ मोजतात ती जागतिक प्रमाणवेळेनुसार या दिवसाच्या आरंभापासून उलटलेल्या सेकंदांत. हे कोणालाही पडताळून पाहता येईल. घंटाबाईंविषयी इतक्या ठामपणे सांगण्यासारखे थोडेच हाती आहे, म्हणून सुरुवात येथून. त्या ज्या कंपनीत लागल्या तिथे क्लाउडवर भाड्याने घेतलेले तीन सर्व्हर होते. एक स्थानिक वेळ लिहीत होता, दुसरा प्रमाणवेळ, आणि तिसऱ्याचे घड्याळ नुसतेच मागे पडले होते. तिघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर रिपोर्ट आधी पोहोचे आणि मग तयार होई.

"इथं बारशाआधीच नातवाचं लग्न लागतंय," असे त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. हे वाक्य दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले, तेव्हा ते खरे मानायला हरकत नाही.

काम साधे होते. रक्ततपासणीच्या एका लॅबसाठी कंपनीने सॉफ्टवेअर लिहिले होते. तपासणी झाली की रिपोर्ट डेटाबेसमधल्या एका रांगेत जाई. तिसऱ्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम रांगेतून एकेक रिपोर्ट उचलून डॉक्टरांच्या फोनवर पाठवी. बाईंना नेमले ते या सगळ्यावर नजर ठेवणारी व्यवस्था बसवायला: कोणता सर्व्हर किती दमला आहे याची मोजमापे, काही बिघडले तर फोनवर वाजणारे अलार्म, आणि तिन्ही सर्व्हर स्वतःविषयी ज्या नोंदी लिहीत जातात त्या लॉगना एकच घर.

कंपनीचे ऑफिस दोन खोल्यांचे. बेसिनमध्ये चहाचे कप बुरशी धरेपर्यंत पडलेले असत. कीबोर्डच्या फटींत केस आणि फरसाणाचा चुरा. बाई रोज ओले फडके घेऊन आधी टेबल पुसत, मग बसत. त्यांचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. नखांत ग्रीस घेऊन घरी येत आणि घासून घासून हात धुतल्याशिवाय ताटाला शिवत नसत. घाणीत काम करणे वेगळे आणि घाणीत राहणे वेगळे, हा फरक त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. ऑफिसात तो कोणालाच ठाऊक नव्हता.

मालकांना सगळे काका म्हणत. कारभार पाहत त्यांचे जावई. त्यांना समोर "सर" आणि पाठीमागे "जावईबापू". 'घंटाबाई' हे नाव त्यांनीच ठेवले. अलार्म बसवणारी, म्हणून घंटाबाई, असा खुलासा ते पाहुण्यांना करत. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मनात धरून खोलीत जे खिदळणे चाले, त्याचा खुलासा कोणी करत नसे.

लॉग एका जागी आल्यावर पहिली घाण वर आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक रिपोर्ट जसाच्या तसा लॉगमध्ये ओतला होता: नाव, फोन, आजार, सगळे. एके दुपारी जावईबापूंनी पडद्यावरून एका मुलीचा गरोदरपणाचा रिपोर्ट नावासकट मोठ्याने वाचून दाखवला.

"पेढे कोणाकडून मागायचे, ते लिहिलंय का बघा रे!" ते म्हणाले. हशा झाला.

बाईंनी खुर्ची मागे सारली. "सर, तुमच्या मुलीचा रिपोर्ट असता तर?"

"घ्या! आमच्या घंटेला विनोदही वाजतो."

त्या संध्याकाळपासून लॉगमध्ये नावे जाणे बंद झाले. त्याऐवजी प्रत्येक रिपोर्टला एक क्रमांक दिला गेला, आणि तो क्रमांक तिन्ही सर्व्हरच्या ओळींत येऊ लागला. घड्याळे जुळवली होतीच. आता एका रिपोर्टचा प्रवास एका शोधात दिसे आणि माणूस मात्र दिसत नसे. जुने लॉग त्यांनी पुसून टाकले. "मोरी धुतल्यासारखं वाटलं," असे त्यांनी नणंदेला सांगितले. नणंद त्याच लॅबच्या काउंटरवर बसते, आणि पुढच्या गोष्टीची साक्षीदारही तीच.

सर्वांत महत्त्वाचा अलार्म पाठवणीचा होता. रिपोर्ट पाठवला की प्रोग्रॅम एक मोजमाप क्लाउडकडे टाकी: एक गेला. काही वेळात एकही मोजमाप आले नाही, तर अलार्म वाजायला हवा. इथे एक बारीक मेख आहे. प्रोग्रॅम अडकला तर तो 'शून्य गेले' असे कळवत नाही. तो काहीच कळवत नाही. म्हणून अलार्ममध्ये ठरवून द्यावे लागते की नोंदच आली नाही तर काय समजायचे. बाईंनी ठरवले होते: नोंद नसेल तर बिघाड समजावा.

पहिल्या साप्ताहिक सुट्टीला लॅब बंद, रिपोर्ट नाहीत, नोंद नाही. अलार्म वाजला आणि जेवणाच्या टेबलावर जावईबापूंचा फोन ठणाणा करू लागला. दुसऱ्या दिवशी ते तणतणत आले.

"सासऱ्यांसमोर शोभा केलीत माझी. काढा तो."

"काढायचा नाही, सर. रांगेत रिपोर्ट थांबलाय आणि जात नाहीये, तेव्हाच वाजेल असं करते. रांगेचं मोजमाप वेगळं लिहावं लागेल. दोन दिवस द्या."

"ते फेज टूमध्ये."

"मग तोवर सुट्टीचे तास गप्प ठेवते."

"बाई, लॅबवाले बघायला येणारेत. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळं हिरवं दिसलं पाहिजे. लाल नको, करडं नको. हिरवं."

काका दारातून म्हणाले, "हिरवं असलं की माणसाला बरं वाटतं हो." आणि बेसिनमध्ये कप ठेवून गेले.

लॅबवाले आले, टीव्ही पाहिला, मान डोलावून गेले. सुट्टीचे तास बाईंनी गप्प ठेवलेच होते, त्यामुळे टीव्हीवरचा पाठवणीचा चौकोन सुट्टीतही हिरवा राहिला याचे बाईंना नवल वाटले नाही. त्या भेटीच्या आधी केव्हातरी कोणीतरी त्या अलार्ममधला एक पर्याय बदलला होता: नोंद नसेल तर ठीक समजावे.

त्यानंतर काही आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, पाठवणारा प्रोग्रॅम सकाळीच अडकला. संदेश पोहोचवणाऱ्या दुसऱ्या सेवेकडून उत्तराची वाट पाहत तो बसला आणि किती वेळ वाट पाहायची हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सर्व्हर चालू होता, डिस्क मोकळी होती, प्रोसेसर निवांत होता. हे तिन्ही चौकोन हिरवे होते आणि खरेच हिरवे होते. चौथा पाठवणीचा. तोही हिरवा होता.

दुपार उलटल्यावर नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुमच्याकडे काही बिघडलंय का गं? एक डॉक्टर माझ्या नावानं शंख करतायत. सकाळचा रिपोर्ट नाही म्हणे."

"इथं सगळं हिरवं आहे."

"हिरव्याचं काय लोणचं घालू? पोटॅशियम भयंकर वाढलंय त्या माणसाचं, हृदय बंद पडू शकतं. निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. मी रिपोर्ट आत्ता डॉक्टरांना वाचून दाखवला फोनवर."

बाईंनी लॉग उघडले. पाठवणाऱ्या सर्व्हरची शेवटची ओळ सकाळची होती. त्यानंतर कोरे. त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. रांग भराभर रिकामी झाली. मग त्यांनी अलार्म उघडला आणि तो पर्याय वाचला. शिक्षक त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेले आणि दुसऱ्या दिवशी वारले.

लॅबने लेखी खुलासा मागितला. जावईबापूंनी तो तयारच ठेवला होता. त्यातील वाक्य असे: 'अलार्मची मांडणी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे सूचना मिळू शकली नाही.' खाली बाईंच्या सहीसाठी जागा होती. सही केली असती तर नोकरी राहिली असती, असे काकांनी त्यांना सांगितले. नाव मात्र एका माणसाच्या मृत्यूशेजारी कायमचे बसले असते, आणि या धंद्यात तसे नाव घेऊन दुसरीकडे कोण उभे करते?

"हा पर्याय मी ठेवला नव्हता," त्या म्हणाल्या.

"मग भुतानं ठेवला?" जावईबापू म्हणाले.

"बघू या ना." त्यांनी क्लाउडची बदलांची नोंद टीव्हीवर लावली. कोणत्या खात्याने, केव्हा, कोणता बदल केला, हे ती सांगते. ओळ सापडली. खाते: अ‍ॅडमिन. पत्ता: ऑफिसच्या इंटरनेटचा.

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. अ‍ॅडमिनचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला होता. प्रत्येकाला वेगळे खाते द्या, हे बाईंनी आल्या आल्या सुचवले होते. तेही फेज टूमध्ये होते. बदल झाला त्या दुपारी त्या स्वतःही ऑफिसात होत्या. नोंद त्यांना दोषी ठरवत नव्हती आणि सोडवतही नव्हती.

"बघा, तुम्हीही होतात की," जावईबापू म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा जो ओलसर आनंद होता, तो त्या वर्णन करतात तेव्हा आजही हात पुसल्यासारखे करतात.

काका मऊ होऊन म्हणाले, "बाई, घरातल्यासारखं आहे हे. कोणीतरी घ्यायचं असतं अंगावर."

"घरातलं आहे ना? मग घरातल्यानं घ्यावं."

"जिभेला हाड नाही तुमच्या!"

"नाही. आणि फडकंही एकटीनंच आणलंय मी इथं."

त्यांनी सही केली नाही. त्या कागदाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन वाक्ये लिहिली: पर्याय बदलला गेला, बदल सर्वांच्या सामाईक खात्यातून झाला, कोणी केला हे कंपनीला सांगता येत नाही. मग अलार्मचा पर्याय पूर्ववत केला, रांगेचे मोजमाप त्याच दिवशी लिहून टाकले (दोन दिवसही लागले नाहीत), आणि राजीनामा दिला. कंपनीने लॅबला पाठवलेल्या प्रतीत ती तीन वाक्ये नाहीत. तिथे 'मानवी चूक' असे दोन शब्द आहेत. माणसाचे नाव नाही. बहुधा सही नसलेले नाव छापण्याचे धाडस झाले नसावे, पण हा अंदाज आहे.

बाई आता एका पाणीपुरवठा संस्थेत तेच काम करतात. मुलाखतीत त्यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला आणि तरी त्यांना घेतले. तिथल्या त्यांच्या टेबलावर घंटाबाई म्हणणारे कोणी नाही.

बदलांची ती नोंद क्लाउडवर तीन महिनेच दिसते. ती वेगळीकडे साठवायची व्यवस्था झाली नव्हती, त्यामुळे मूळ आता नाही. बाईंनी घेतलेली छापील प्रत तेवढी आहे, आणि तिच्यात खाते व पत्ता यापलीकडे काही नाही. जावईबापूंनी बोलायला नकार दिला. काका म्हणाले, त्यांना संगणकातले कळत नाही. तो पर्याय कोणाच्या हाताने बदलला, हे माहीत नाही. रिपोर्ट सकाळी पोहोचला असता तर ते शिक्षक वाचले असते का, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले नाही. त्यांना ते सांगता आले असते का, हेही माहीत नाही.