छगनरावांच्या दुधाची फॅट

राहात्याजवळच्या आमच्या वाडीतल्या डेअरीचे सचिव छगनराव नाकात बोलतात. "वैनी, फॅट कमी हाय. मशीन खोटं बोलतंय व्हय?" गिरजाकाकूने हे सगळा उन्हाळा ऐकलं. तिच्या गायी चांगल्या. पण छगनराव तिची किटली न ढवळताच तळातलं दूध तपासायला घेत. साय वरच राही, फॅट कमी लागे, तसा दरही घसरे. दहा दिवसांच्या बिलात पेंडसुद्धा सुटत नसे.

मग डेअरीचं दूध घेणाऱ्या तालुका दूध संघाने नवी संगणक प्रणाली बसवली. तिच्यात मशीनचा आकडा थेट चढतो, आणि सचिवाचं स्वतःचं दूध दुसऱ्याच्या लॉगिनवरून तपासावं लागतं. ते लॉगिन काकूने हट्टाने मागून घेतलं.

पहिल्याच सकाळी तिने छगनरावांची किटली निवांत ठेवून दिली. मग न ढवळता पळी तळाला घातली. स्क्रीनवर फॅट दोन पॉइंट सात लागली, किमान मर्यादेच्याही खाली, आणि दूध नाकारलं गेलं.

"वैनी, ढवळलं न्हाई तर फॅट कमीच लागनार की!" छगनराव सगळ्या रांगेसमोर ओरडले.

"व्हय का भाऊजी?" काकूने त्यांचंच नाक लावलं. "मशीन खोटं बोलतंय व्हय?"

चढलेली नोंद फक्त संघाचं ऑफिस बदलतं, तेही सचिवाने कारण लिहून दिल्यावर. काकूने पेन पुढे केलं. "लिवा, न ढवळल्यावर काय हुतं ते. माझ्या समद्या बिलांच्या तक्रारीला तेच जोडते."

रांग हलेना. छगनरावांनी घाम पुसला आणि लिहायला घेतलं.