पाऊण दाण्याचा दर

वडशाच्या एका राइस मिलवाल्या भाऊंनी नवं मशीन आणलं आणि त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक मराठीत करायला मला बोलावलं. भाषांतराच्या एजन्सीशिवाय मिळालेलं माझं ते पहिलंच काम, म्हणून मी भलतीच खुशीत होते. दराचा विषय निघेपर्यंत.

भाऊंचं म्हणणं, शब्दावर. धान क्विंटलवर मोजतो, तसे शब्द मोजू. मी म्हटलं, 'मशीन बंद करा, आत हात घालू नका' असली पानं शब्दावर घेते, ती भराभर होतात. पण मागचा बिघाडांचा तक्ता तासावर. तिथे एकेका ओळीला अर्धी दुपार जाते. ते शब्दावर केलं तर मी घरचं खाऊन तुमचं मशीन चालवणार.

“अन् मले काय मालूम तुमी तासभर काय करून राह्यले?” भाऊ म्हणाले. “हळू केलं तं पैसे जास्त?”

शंका रास्त होती, म्हणूनच मला जास्त राग आला. पण काम हातचं घालवायचं नव्हतं. तक्त्याचं एक पान इथंच, तुमच्यासमोर करते, म्हटलं. मग दर ठरवू.

पहिल्याच ओळीत होतं, 'हेड राइस' कमी निघत असेल तर काय करावं. मी ठोकून दिलं, 'मुख्य तांदूळ'. भाऊ पोट धरून हसले. अहो, हेड राइस म्हणजे अख्खा तांदूळ, त्यात काय एवढं! मी खोडून तसं लिहिणार, तेवढ्यात पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची पाहिली. तुटलेला, पण पाऊण लांबी शिल्लक असलेला दाणाही त्यातच धरायचा होता. नुसतं 'अख्खा' लिहिलं असतं तर मशीन चालवणाऱ्याने असले दाणे कनकीत, म्हणजे तुकड्यांत, मोजले असते आणि हेड राइस कमी निघतोय असं समजून तो धडधाकट मशीन खोलून बसला असता.

भाऊंना पटेना. उठून त्यांनी मूठभर तांदूळ आणून टेबलावर पसरला. अख्खे एकीकडे, तुकडे दुसरीकडे, आणि मधल्या दाण्यांवरून आमचं जुंपलं. हा पाऊण की अर्धा? भाऊंनी खिशातून चष्मा काढला. फोन वाजून वाजून थांबला, चहावर साय धरली. शेवटी 'अख्खा व पाऊण दाणा' असं दोघांनी मिळून ठरवलं, तेव्हा मला एखादी पैज जिंकल्यासारखा आनंद झाला होता.

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पानाकडे पाहिलं. पानावर एक ओळ होती.

“तक्ता तासावर लावा, बाई,” ते म्हणाले. “जास्तीत जास्त किती तास, तेवढं आधी सांगून ठेवा. बाकीचं शब्दावर.”

मी लगेच हो म्हटलं. तांदूळ गोळा करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अडवला.

“राहू द्या. दुसऱ्या ओळीले लागन.”