गुरुवार सोडून

रागाचं मला कधी वावडं नव्हतं. घरी, सरावली गावात, सगळे म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसत नाही. पण ऑफिसात मी तो राग पर्समध्ये ठेवून कामाला बसायचे. डहाणू रोडच्या आमच्या संस्थेत कामच तसं होतं. बैठका ठरवायच्या, निमंत्रणं पाठवायची, इतिवृत्त लिहायचं. अशा कामात चिडून कसं चालेल?

बैठक ठरवणं हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. दिवस घाल, वेळ घाल, नावं घाल, पाठव. मी आले तेव्हा तसंच चालायचं, आणि दर बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. तलासरीकडच्या डोंगरातल्या बायकांच्या गावात गावदेवाचा सण असायचा, किनाऱ्यावरच्या धाकटी डहाणू गावातल्या मुलींच्या घरची होडी मासळी घेऊन बंदराला लागायची. मग पुढच्या बैठकीत पुन्हा पहिल्यापासून तेच बोलणं. मी ठरवलं, आधी सगळ्यांच्या रजा बघायच्या, मगच निमंत्रण पाठवायचं.

पण बघायच्या कुठे? ऑफिसच्या संगणकावरच्या कॅलेंडरवर कोणी काही लिहीतच नव्हतं. किनाऱ्याकडच्यांना पुढच्या महिन्याचं बोलायची सवय नव्हती. समुद्र काय म्हणेल ते कोणी सांगावं. डोंगराकडच्यांचा गावदेव कधी, हे गावातली जुनी माणसं बसून ठरवणार, तेही चार दिवस आधी. शिवाय ठरलेलं आधी बोललं की मोडतं, असं अर्ध्या ऑफिसचं मत. मी एकेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. नक्की नसेल तर 'बहुतेक' लिहा म्हटलं. दिवसभराची नोंद नुसती टाकली तर कॅलेंडर तुम्हाला मोकळंच दाखवतं, तेव्हा 'व्यस्त' करायला विसरू नका, हेही दहा वेळा सांगितलं. आणि रजा पक्की मंजूर असेल तर सरळ 'कार्यालयाबाहेर' अशी नोंद टाका, म्हणजे त्या दिवसाचं निमंत्रण आलं तर कॅलेंडर तुमच्या वतीने आपोआप नकार कळवतं. तुम्ही रेंज नसलेल्या गावात असलात तरी.

हळूहळू सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली. 'बहुतेक गावदेव.' 'नणंदेच्या लग्नाची सुपारी.' 'होडीला डांबर.' आमचं ते कॅलेंडर वाचताना मला बरं वाटायचं. कोणाच्या घरी काय चाललंय ते आपोआप कळायचं, आणि बैठकीला खुर्च्या भरायच्या.

आमच्या संस्थेच्या केंद्रांपैकी उधव्याचं पाळणाघर चालवणाऱ्या ताई सगळ्यात शेवटी तयार झाल्या. त्या तिथल्याच, शेतकरी घरातल्या. त्यांच्या पाळणाघरात येणाऱ्या पोरांच्या आया पहाटेच टेम्पोत बसून गुजरातच्या हद्दीतल्या कारखान्यांत जातात आणि दिवस मावळल्यावर येतात. पाळणाघर नसेल तर पोरं मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण शाळेबाहेर. ताईंनी हे मला कधी समजावून सांगितलं नाही. मी एकदा दिवसभर तिथे बसले, तेव्हा दिसलं.

त्यांच्या आईच्या मोतीबिंदूची तारीख वापीकडच्या दवाखान्यात कधीपासून मिळत नव्हती. मिळाली तेव्हा त्या अर्ज घेऊन डहाणूला आल्या. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी पट्टी काढायला परत. सरांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, सही केली. मग त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तूच टाक गो कॅलेंडरात, माझं बोट भलतीकडेच लागतं." मी टाकलं. दोन दिवस कार्यालयाबाहेर. खाली नकाराबरोबर जायचा मजकूर लिहिला: आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सरांचं बोलणं गोड, आवाज कधी चढत नाही. मुंबईहून आलेले पाहुणे त्यांच्यावर खूश असतात.

"पुढच्या आठवड्यात केंद्रांविषयी बैठक घ्यायची आहे," ते म्हणाले. "कोण कधी नाहीये, जरा बघून सांगता?"

मला आनंद झाला, हे सांगायची आज लाज वाटते. इतकी वर्षं मी एकटी ओरडत होते, शेवटी साहेबांनाही पटलं, असं वाटलं. मी एकेकाचं कॅलेंडर उघडून पाहिलं. हिशोब बघणाऱ्या बाईंची बँकेतली कामं, तलासरीच्या पंचायत समितीतल्या फेऱ्या, सगळं ताडून पाहिलं आणि जाऊन सांगितलं, "गुरुवार-शुक्रवार सोडून कुठलाही दिवस घ्या सर. त्या दोन दिवशी उधव्याच्या ताई नाहीत. बाकी सगळे आहेत."

"छान," सर म्हणाले. "मी पाठवतो निमंत्रण."

दुपारी निमंत्रण आलं. गुरुवार, सकाळी अकरा. विषय: केंद्रांची फेररचना, उधवा पाळणाघराचे स्थलांतर.

मला वाटलं, त्यांनी उलटं ऐकलं. माणूस घाईत असतो, होतं असं. मी उठून गेले. "सर, गुरुवारी ताई नाहीत. मी सोडून म्हटलं होतं."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हो, त्यांचं उत्तर आलंय ना. त्यांनीच नकार दिलाय." खरंच होतं. ताईंच्या नावापुढे नकार, आणि खाली मी माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य.

"तो आपोआप जातो सर. त्यांनी अजून पाहिलंही नसेल."

"रजा त्यांचा हक्क आहे," ते शांतपणे म्हणाले. "आईचं ऑपरेशन असताना त्यांना कशाला ओढायचं? इतिवृत्त पाठवू त्यांना. तसंही उधवा फार आत पडतं. पाहुण्यांना दाखवायला न्यायचं तर अर्धा दिवस जातो. हायवेलगत नेलं की सगळ्यांची सोय. ताई असल्या की मग भावनिक होतं सगळं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी उलटं ऐकलं नव्हतं. त्यांनी नीट ऐकलं होतं. कोण कधी नाही, हे त्यांनी तेवढ्यासाठीच विचारलं होतं, आणि मी धावत जाऊन सांगितलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी गेली. वाईट माणसाचा राग येतो तो वेगळा. आपण निगुतीने केलेल्या कामाची कोणी सुरी करून वापरली, तो राग वेगळा. मी सरळ बाहेर आले, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथेच संपली असती.

ताईंना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. मागे पोरांचा गलका होता.

"ताई, गुरुवारच्या बैठकीला तुम्ही नाही म्हटलं?"

"कुठली बैठक? मी कधी नाही म्हटलं?"

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते. आईची तारीख पुढं करता येते का, विचारते."

आता माझा राग त्यांच्यावरही निघाला. "तारीख बदलायची नाही," मी म्हटलं. "तुमच्या आईला दिसत नाही, आणि तुम्ही तारीख बदलणार? ती मिळायला किती थांबलात तुम्ही?"

"मग पाळणाघर जाऊ देऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत दवाखान्याला फोन करू नका, आणि ठेवून दिला.

हिशोबाच्या बाई माझ्या समोरच बसतात. धाकटी डहाणूच्या, बोलायला फटकळ, सासू बाजारात मासळी विकते आणि जीभ तिच्याकडूनच उचलली, असं स्वतःच सांगतात. माझं फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी खणातून रजेचा अर्ज काढला आणि भरला.

"कधीची?" मी विचारलं.

"गुरुवारची. स्थलांतराचा खर्च मांडणार कोण ते त्यांना बघू दे." अर्ज पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "तुला कोरा देऊ का एक?"

मी घेतला. बैठकीला इतिवृत्त लिहायला मी नाही, खर्च सांगायला त्या नाहीत. आम्ही दोघी मिळून केबिनमध्ये गेलो आणि अर्ज टेबलावर ठेवले.

सरांनी ते वाचले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "गुरुवारी बैठक आहे, माहीत आहे ना? बैठक असताना रजा कशी देणार?"

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. "मग ताईंना रजा दिलेली असताना बैठक कशी ठेवली?"

हिशोबाच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सरांनी पेन उघडलं, बंद केलं. त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. आमच्या रजा नाकारायच्या तर जे कारण लिहायचं, तेच कारण ताईंच्या मंजूर रजेवर उलटत होतं. द्यायच्या तर बैठकच होत नव्हती.

"बुधवार करा," ते म्हणाले.

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून निमंत्रण पाठवलं. संध्याकाळी ताईंचा होकार आला. तो त्यांनी स्वतःच्या बोटाने दिला होता.

बुधवारी त्या आल्या, आणि भावनिक वगैरे काही झाल्या नाहीत. पाळणाघर हायवेला नेलं तर टेम्पो सुटायच्या आधी आयांना पोरं तिथे कशी पोचवता येतील, एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसून राहिल्या. सर फोनमध्ये बघत होते. शेवटी शाळेचं वर्ष संपेपर्यंत पाळणाघर उधव्यालाच ठेवायचं आणि मग पुन्हा बघायचं, असं ठरलं. मी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं आणि सगळ्यांना त्याच दिवशी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताईंच्या आईचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर म्हातारीने आधी लेकीला सांगितलं म्हणे, की तू फार वाळलीस.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गोष्ट ऑफिसभर पसरली, आणि पसरणारच. पुढच्या महिन्याची बैठक ठरवायला मी कॅलेंडर उघडलं, तर ते कोरं. गावदेव नाही, होडी नाही, कोणाची सुपारी नाही. सगळे रोज हजर. मला वाटलं, काही बिघडलंय. पुन्हा उघडलं, तरी तेच.

दुपारी उधव्याच्या ताई काही कागद द्यायला आल्या. जाताना माझ्या खुर्चीजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सोमवारी मी नाही. भाचीचं लग्न."

"मग टाकू ना कॅलेंडरात?"

"नको," त्या म्हणाल्या. "तुझ्यापाशीच असू दे."