आईसाठी घेतलेलं नवरीचं पॅकेज

माझं लग्न ठरलं तेव्हा आईच्या भुवया गेलेल्या होत्या. केस आधीच गेले होते, पण त्यावर पदर घेता येतो, टोपी घालता येते. भुवयांवर काय घेणार? मुंबईच्या हॉस्पिटलात केमो चालू होती आणि आईनं घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात कोणी भेटायला आलं की ती आतल्या खोलीत जायची आणि मावशीकडून निरोप द्यायची, झोपल्येय म्हणून.

लग्न रोह्याला, मुलाकडच्या हॉलमध्ये ठरलं. त्या दिवशी आई मला म्हणाली, "कन्यादानाला तुजी काकू बसंल गो. मी मागं खोलीत बसन. तुज्या सासरच्यांनी हे त्वांड बघायला नको."

कन्यादानाच्या वेळी आमच्याकडे वडिलांच्या शेजारी आई बसते आणि हातांवर पाण्याची धार तीच सोडते. ती धार काकूनं सोडायची हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं की आई पाटावर बसणार, चारचौघांसमोर, भुवयांसकट. बाकी लग्नात काय व्हायचं ते होवो.

म्हणून मेकअपवाल्या शोधायला लागले. घरच्यांना वाटलं, पोरीला नटायची हौस आलीय. मावशी तर टोमणे मारायची, "एक नवरा बघायला इतका वेळ नाय लावलास." मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईच्या कानावर गेलं असतं आणि आई हट्टाला पेटली असती.

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं मला आधीच बजावलं होतं. आईच्या अंगात रोगाशी लढायची ताकद उरलेली नाही. दुसऱ्यांना वापरलेला ब्रश, स्पंज, काजळ तिच्या चेहऱ्याला लावायचं नाही. वासाचं काही नको. काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघायची. हातांची कातडी फुटलेली, तेव्हा मेंदी नाहीच.

पहिली होती पनवेलची, फोनवर हजारो लोक जिचे व्हिडिओ बघतात ती. तिचं सामान एकदम भारी. ट्रायल वेगळ्या पैशांत, पण बुकिंग केलं की ते वळते करणार. रोह्याला यायचं तर गाडीभाडं, शिवाय आदल्या रात्रीची लॉजची खोली. पाहुण्यांचा मेकअप निदान पाच जणींचा घ्यायलाच हवा. मी विचारलं, "नवरीच्या आईची ट्रायल होईल का? ती आजारी आहे." ती म्हणाली, "डिअर, गेस्टची ट्रायल नसते. गेस्टला माझ्या असिस्टंट वीस मिनिटांत तयार करतात." आईला वीस मिनिटांत तयार करतात! मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले.

दुसरी रोह्याचीच. हॉलपासून जवळ, त्यामुळे प्रवासाचा खर्च नाही. मेंदीही तिचीच मुलगी काढायची. पाच पाहुण्यांचं साडी नेसवणं आणि हेअरस्टाईल फुकट. मावशी हरखली. मी तिच्या पार्लरमध्ये जाऊन बसले. ट्रायल म्हणून तिनं माझा अर्धाच चेहरा रंगवला आणि मी रोह्याच्या बाजारातून तशीच अर्धी गोरी होऊन हिंडले. पण तिथं बसल्या बसल्या मी कोपऱ्यातला दुसरा डबा पाहिला. नवरीचं सामान पेटीत, स्वच्छ. पाहुण्यांचं त्या डब्यात, एकच स्पंज, कडा काळ्या पडलेला. विचारलं तर सरळ म्हणाली, "गेस्टला काय एवढं लागतंय? वेगळं किट असतं." मेंदीचा कोनही तसाच. तासाभरात काळा रंग देणारा. असल्या कोनात पानाशिवाय भलतंच काहीतरी असतं, हे मला माझ्या कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या फोड आलेल्या मनगटानं आधीच शिकवलं होतं.

तेव्हा मला कळून चुकलं की पॅकेज कोणतंही घ्या, त्यात नवरी एक माणूस असते आणि बाकी सगळी गर्दी. चांगलं सामान, ट्रायल, निवांत वेळ हे सगळं एकाच खुर्चीला. आणि माझी आई कागदावर पाहुणी होती. माझ्याच लग्नात पाहुणी! मला इतका संताप आला की नागोठण्यापर्यंत शेजारी बसलेल्या बाईशी मी विनाकारण भांडले, तिची पिशवी माझ्या पायावर आहे म्हणून.

वडखळला वाहतूक तुंबली होती. एसटीत बसून बसून डोकं जरा थंड झालं आणि तिथं मला सुचलं. खुर्ची एकच असेल तर तिच्यावर आईनं बसावं. नवरीचं पॅकेज आईला आणि पाहुणीचं मला.

तिसरी होती पेणची ताई. गल्लीतलं छोटं पार्लर, फोनवर व्हिडिओ नाहीत, बोलायला तिखट. मेंदीचा कोन ती घरी करायची, पानाची पूड, साखर, निलगिरीचं तेल. "रंग दोन दिवसांनी चढतो, म्हणून हळदीच्या दोन दिवस आधी काढायची. हळदीच्या दिवशी मेंदी म्हणणाऱ्या बायांना मी परत पाठवते," असं पहिल्याच वाक्यात म्हणाली. पाहुण्यांसाठी फक्त साडी नेसवणार, पाहुण्यांचा मेकअप नाही. प्रवासखर्च लग्नाच्या दिवसाचा. ट्रायल पार्लरमध्येच, कोणाच्या घरी नाही.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती ब्रश धूत होती, तिनं हात थांबवले नाहीत.

"मी दिवसाला एकच नवरी घेते. अडीच तास लागतात. आईला घेतलं तर तुला माझी हाताखालची मुलगी करेल. चालेल?"

"चालेल."

"फोटोत कळेल हां."

"कळू दे."

"आणि ट्रायलला तुमच्या गावी यायचं तर त्याचा प्रवासखर्च वेगळा. मी दुकान बंद ठेवून येणार."

त्यावर घरात भांडण झालं. ट्रायलला कोण प्रवासखर्च देतं, रोह्याची फुकट येत होती, ही पोरगी वेडी झालीय, सगळं मावशीनं बोलून घेतलं. मी शेवटी ओरडून खरं काय ते सांगितलं. आई आतच होती. सगळं ऐकत होती. मग आतून आईचा आवाज आला, "मला नाय करायचं काय. उगाच बाहुली नका करू माजी."

तरी ताई आली. आधी तिनं डब्या पाठवल्या होत्या, कोपराला लावून बघायला. काही उठलं नव्हतं. येताना नवे स्पंज, स्पिरिटनं पुसलेले ब्रश वेगळ्या पिशवीत, तोंडाला मास्क. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ताई तिच्या मागेच मोडक्या स्टुलावर बसली आणि आईला म्हणाली, "मावशी, मी प्रवासखर्च घेतलाय. काम न करता घेत नाय मी." आईला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

भुवया काढताना ताईनं आधी बोटानं हाड चाचपलं. मग पेन्सिलीनं एकेक केस काढावा तशा बारीक रेघा, वरून पावडर. पापण्यांना काही चिकटवलं नाही, फक्त कडेला एक रेघ. मग आरसा सरळ केला.

आई खूप वेळ बघत राहिली. नंतर म्हणाली, "लग्नातली साडी काढ गो."

साडी नेसून ती बाहेर ओट्यावर गेली. मिठागरावरून परतणाऱ्या बायांना तिनं स्वतः हाक मारली. त्या जमल्या, हसल्या, एकीनं तिची दृष्ट काढली. आई ताठ उभी होती. मी आत चुलीपाशी जाऊन इतकी रडले की ताईनं मला पाणी दिलं. जाताना ताई पेन्सिल ठेवून गेली. "ही आता दुसऱ्या कोणाला लावता येणार नाय. तुमचीच."

हळदीच्या दिवशी सकाळी आईला ताप भरला. ताप आला की एक तासही घरी थांबायचं नाही, असं सांगितलेलं. मामी तिला घेऊन मुंबईला गेली. मी लग्न पुढं ढकला म्हणून पाय आपटले, देव्हाऱ्यासमोर डोकं आपटलं. गाडीत बसता बसता आई म्हणाली, "लगीन थांबवलंस तर मी औषध घेनार नाय. सांगून ठेवते." तिनं तसंच केलं असतं.

लग्नाच्या सकाळी रोह्याच्या हॉलमध्ये ताईनं पेटी उघडली. नवरीची खुर्ची रिकामी होती. मी हाताखालच्या मुलीसमोर जाऊन बसले, ठरल्याप्रमाणे. ताई आली, माझा दंड धरला आणि मला तिच्या खुर्चीत आणून बसवलं. बेस लावला की तो मी रडून धुवायची. ती पुसायची, पुन्हा लावायची. एकदाही रागावली नाही, आणि तिच्यासारखी बाई रागावली नाही म्हणून मला आणखी रडू येत होतं.

मावशीनं हॉलमधून हॉस्पिटलात मामीला व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरला होता. मंगलाष्टकं सुरू झाली. मला अंतरपाटामागून काही दिसत नव्हतं. मावशीनं नंतर सांगितलं, की पहिलं मंगलाष्टक सुरू होताच आईनं तिकडचा फोन गादीवर पालथा घातला. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं, तेवढा वेळ ती तुळशीला पाणी घालते. तुळस तिथं कुठली? मामी म्हणाली, आईनं पेल्यातलं पाणी बोटांनी थेंब थेंब ताटलीत सोडलं, अक्षता संपेपर्यंत.

कन्यादानाला काकू बसली. तिनं धार सोडली. मी मान वर केली नाही.

मग मावशीनं गर्दीतून वाट काढत फोन माझ्यासमोर धरला. आई पलंगावर उठून बसली होती. हाताला सलाईन, तोंडावर मास्क, डोक्यावर हॉस्पिटलची टोपी, तिच्यावर पदर. आणि भुवया. तिनं स्वतः काढल्या होत्या, ताईच्या त्या पेन्सिलीनं. एक वर चढलेली, दुसरी पार कानाकडे गेलेली.

मास्कमधून आवाज नीट येत नव्हता. मी फोन कानाशी नेला.

"सारख्या आल्यात काय गो?" आई विचारत होती. "तुज्या सासूला दाखव मग."

मी म्हटलं, "सारख्या आल्यात." आणि फोन सासूबाईंकडे वळवला.