सत्तेचाळीस खांबांची खिडकी

लिहायला बसलोय खरा, पण मला लिहिण्याचा काय अधिकार, हे माझं मलाच कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मोहन्याच्या आमच्या चाळीत लिहिणारं कुणी नव्हतं. चूक झाली तर सांभाळून घ्यावं. मला फक्त सरांबद्दल सांगायचंय.

शेवटच्या वर्षाला असताना मी बाळकुमच्या एका छोट्या कंपनीत शिकाऊ म्हणून जायचो. आमचं काम गिऱ्हाइकांचे सर्व्हर सांभाळायचं. शिकवणारे सर डोंबिवलीचे. मला पक्कं घ्यायचं की नाही हेही तेच ठरवणार होते. एक जुना सर्व्हर सीरियल केबलनेच बोलायचा. त्यावर लांब कमांड टाइप केली की ओळ खाली उतरायचीच नाही, परत त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीच्या अक्षरांवर चढायची. मला वाटलं कीबोर्ड बिघडला.

सर म्हणाले, "अरे, stty size मार, खिडकी केवढी आहे ते विचार त्याला."

उत्तर आलं, ० ०. समोर पडद्यावर एवढी मोठी खिडकी, आणि सर्व्हरच्या लेखी तिला ना ओळी, ना खांब, म्हणजे ओळीत अक्षरं मावायच्या जागा.

मग त्यांनी समजावलं. खिडकी लहान-मोठी झाली की टर्मिनल, म्हणजे ती खिडकी दाखवणारा प्रोग्राम, नवे आकडे सिस्टीमला देतं. सिस्टीम ते जपून ठेवते आणि चालू प्रोग्रामला फक्त खूण करते, आकार बदलला. आकडे प्रोग्रामनेच मागून घ्यायचे. नेटवर्कवरून लॉगिन केलं तर हा निरोप अक्षरांपासून वेगळा, आपोआप पोचतो. सीरियल केबलमधून मात्र नुसती अक्षरं जातात. आकडा मिळाला नाही की शेल, म्हणजे आपली कमांड वाचणारा प्रोग्राम, ऐंशी खांब धरून चालतं, खिडकी कितीही मोठी असो. तिथे stty ने हातानेच सांगायचं: ओळी पन्नास, खांब एकशेऐंशी.

"दिसतंय त्यावर विश्वास ठेवू नकोस," ते म्हणाले. "ओळ विस्कटली तर एंटर मारायचा नाही. सोडून द्यायची."

मग सर आजारी पडले, हॉस्पिटलात गेले. तिथून ते आपल्या फोनच्या पडद्यावर माझं काम बघायचे. आम्ही दोघं एकाच सेशनला जोडलेलो असायचो, दोघांना एकच खिडकी दिसायची, आणि ते सेशन असं लावलेलं की सगळ्यात लहान पडद्याचा आकार सगळ्यांना मिळणार. दुपारी तीनच्या सुमारास माझी खिडकी अचानक आक्रसायची. डाव्या कोपऱ्यात सत्तेचाळीस खांबांचा चौकोन, बाकी सगळीकडे ठिपके. म्हणजे सर आले. कधी ते फोन आडवा करायचे, चौकोन रुंद व्हायचा. तेव्हा मी समजायचो, नीट वाचतायत. कधी # देऊन एखादी ओळ लिहायचे, म्हणजे ती कमांड म्हणून चालायची नाही: हळू कर.

पुढे ओळी थांबल्या. चौकोन मात्र रोज यायचा, उभाच, आडवा कधी झाला नाही. ऑफिसातल्या ताईला विचारलं तर म्हणाली, "त्यांचा फोन कुणी उचलत नाही रे. तू काम कर." मी मनात म्हणायचो, बघतायत ना, म्हणजे बरे असतील.

एकदा त्या जुन्या सर्व्हरवर फाइली पुसायची लांबलचक कमांड अर्ध्यात होती. खिडकी आक्रसली. सर्व्हर अजून एकशेऐंशी खांबच धरून होता. मी मागे जाऊन एक अक्षर सुधारायला गेलो, तर कर्सर भलत्याच जागी गेला, आणि फाइलींच्या नावावर दुसरंच नाव उमटलं. कुठली फाइल पुसली जाणार, सांगता येईना. मी कंट्रोल-सी दाबून ती ओळ सोडून दिली. सत्तेचाळीस खांब लावून stty परत मारलं, मग कमांड नव्याने लिहिली.

सरांनी बघितलं असणार म्हणून ऊर भरून आला. मी लिहिलं, # सर, बरोबर केलं ना?

ठिपके हलत नव्हते. सेशनला कोण जोडलंय ते काढून बघितलं. दोघं होते, माझा मोठा पडदा आणि तो सत्तेचाळीस खांबांचा. दहा मिनिटांनी ठिपके पुसले गेले, खिडकी पूर्ण उघडली.

असं आणखी आठवडाभर चाललं. मी रोज एक प्रश्न लिहायचो.

मग एका दुपारी ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. सरांच्या मुलीचा फोन येऊन गेलेला. सरांना नाशिकला तिच्या मामांकडे नेलेलं, तिथेच ते वारले, अठरा दिवस झाले. घरात कुणालाच ऑफिसला कळवायचं सुचलं नव्हतं. तीन वाजता ते तुमचं काम बघायचे, म्हणून त्या वेळी आई रोज त्यांच्या फोनवर ती खिडकी उघडून बसते, असं मुलगी म्हणाली. तिला त्यातलं काही कळत नाही. शेवटी प्रश्नचिन्हावरून कुणीतरी रोज काहीतरी विचारतंय एवढं आईच्या लक्षात आलं, आणि तिनेच मुलीला फोन करायला लावला.