भिंती तुमच्या, रुई माझी

हिंगणघाटातलं माझं गादी-रजईचं दुकान भाड्याच्या हॉलमध्ये. मालक म्हणजे पिपरी मेघेला राहणारे निवृत्त मास्तर, मी त्यांना सर म्हणते. इतकी वर्षं सगळं तोंडी चाललं. या खेपेला लेखी भाडेपट्टा आला, त्यात सरांच्या वकिलानं एक ओळ घातली होती: ‘जागेच्या विम्याची संपूर्ण जबाबदारी भाडेकरूची राहील.’ हिवाळा तोंडावर, म्हणजे रजयांचा हंगाम. सही नाही केली तर दुकान रिकामं करा, असं सरांनी कळवलं.

मी सही केली नाही, पत्र लिहिलं. भिंती, छप्पर, वायरिंग तुमचं, त्याचा विमा तुम्ही काढा. रुई, पिंजायचं मशीन, मी बसवलेले रॅक माझे, त्यांचा मी काढीन. शिवाय आग लागून तुमच्या विमा कंपनीनं तुम्हाला भरपाई दिली, तर ती रक्कम कंपनीनं माझ्याकडून वसूल करायला येऊ नये, तशी नोंद तुमच्या पॉलिसीत करून घ्या.

झालं! आमच्याकडे मालकाला पत्र म्हणजे कोर्टाची नोटीसच. त्यात ऐन हंगामाआधी आगीचं नाव काढलं म्हणून सरांच्या घरी अभद्र मानलं गेलं. मला राग आला. रुईच्या गावात आगीचं नाव घ्यायचं नाही, तर कुठं घ्यायचं?

शेवटी तहसीलजवळ त्याच वकिलाच्या टेबलाशी आम्ही बसलो. सर आपली पॉलिसी आणि विमा एजंटाला घेऊन आले होते. इमारतीचा विमा आपण केव्हाच काढलाय, हे मला दाखवायला. मग ही ओळ कशाला, असं मी विचारलं. दोघांनी काढलेला बरा, असं ते म्हणाले. विमा एजंटानं कागद पाहिला आणि इमारतीचा वापर काय लिहिलाय ते वाचलं. राहतं घर. जुन्या घराचा हॉल केल्यावर, तो मला भाड्यानं दिल्यावर, सरांनी कंपनीला काही कळवलंच नव्हतं. रुईचा साठा असलेली जागा घर म्हणून नोंदवली असेल तर कंपनी दावा नाकारू शकते, असं एजंटानं सांगितलं.

सर वकिलाकडे नाही, माझ्याकडे वळले. “तू पत्र काऊन लिहिलं? नसतं लिहिलं तर हे निघालंच नसतं.”

“निघालं असतं, सर. जळाल्यावर.”

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यायची नव्हती. एजंटानं दुकान आणि रुईचा साठा अशी दुरुस्ती लिहून घेतली, हप्ता वाढेल तो मालकाचा. वकिलानं ती ओळ खोडून माझी वाक्यं घातली. सर सही करताना कुरकुरले, “पुढल्या वर्षी चहाले येजो, पत्र नको धाडू.”

“चहाला येईन,” मी म्हटलं, “पत्र आधी येईल.”